नव्या नोकरीचे पहिले आठवडे : लिंक्डइनवर कधी टाकायचं आणि काय शब्दांत?

मृणाल_वारजे | ९ जून २०२५, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचक होते, आज धागा काढायची वेळ आली.

आठ वर्षं एका सर्व्हिस कंपनीत टेस्टिंग केलं. ३० मे हा शेवटचा दिवस होता, २ जूनला खराडीतल्या एका प्रॉडक्ट कंपनीत रुजू झाले. आज बरोबर आठवडा झाला. लिंक्डइनला अजून हात लावलेला नाही. तिथे माझी जुनी नोकरी चालूच दिसते आहे, आणि नावाखालच्या ओळीत एप्रिलमध्ये एका मैत्रिणीच्या सांगण्यावरून लिहिलेलं "Immediate joiner | LWD 30 May" तसंच आहे.

प्रश्न असे. एक, आत्ता बदलू की प्रोबेशन संपेपर्यंत, म्हणजे सहा महिने, थांबू? आई म्हणते, दृष्ट लागते, पक्कं झाल्याशिवाय सांगू नकोस. दोन, पद काय लिहू? ऑफर लेटरमध्ये Lead Engineer, Quality आहे. एचआरच्या पोर्टलवर Lead Engineer II दिसतं. आणि साहेब पहिल्याच दिवशी म्हणाले, "तू आमची क्यूए मॅनेजरच समज."

मी एक मसुदा केलाय, हसू नका:

"Leading a 12-member QA team and transforming quality culture"

तीन, जुन्या कंपनीकडून फुल अँड फायनलचे पैसे अजून यायचे आहेत. नवी नोकरी बघून ते अडवतील का?

---

शंतनू_७७ | ९ जून, रात्री १०:०५

पहिल्याच दिवशी टाकायला हवं होतं. लपवायचं काय त्यात? आणि पद मॅनेजरच लिहा, साहेब स्वतः म्हणालेत ना? पुढच्या नोकरीला तेच उपयोगी पडतं. लिंक्डइनवर कुणी ऑफर लेटर मागत नाही.

जुन्या कंपनीची भीती बाळगू नका. तिथे जाऊ नको, इथे काम करू नको असल्या अटी भारतात चालत नाहीत. करार कायद्याचं कलम २७ बघा, १८७२ पासून आहे.

---

आजोबा_निवांत | ९ जून, रात्री १०:३१

मृणालताई, अभिनंदन. माझ्या मते प्रोफाइलमध्ये पगार वाढल्याचं लगेच टाकावं, पण कंपनीचं नाव प्रत्यक्ष भेटीतच सांगावं. आमच्या पुतणीच्या वेळी मुलाकडच्यांनी थेट तिच्या ऑफिसात चौकशी केली होती. रास तीच ठेवा.

---

चिंगी | ९ जून, रात्री १०:३४

आजोबा, विवाहमंडळ नव्हे, लिंक्डइन! 😄

---

आजोबा_निवांत | ९ जून, रात्री १०:५०

असं होय. मी शीर्षक अर्धंच वाचलं. बाकी सल्ला दोन्हीकडे चालेल असं वाटतं.

---

कोकणकडा | १० जून, सकाळी ७:१५

चौदा वर्षं भरतीच्या कामात आहे, त्यातली नऊ कंपनीच्या आतून. मृणाल, तुमच्या तिन्ही प्रश्नांच्या आधी एक चौथा आहे आणि तो जास्त घाईचा आहे. तुम्ही नोकरी शोधताना "Open to Work" चालू केलं होतं का? आणि ते बंद केलंत का?

---

मृणाल_वारजे | १० जून, सकाळी ८:०२

हो, केलं होतं. पण ती हिरवी चकती नव्हती लावली, "Recruiters only" ठेवलं होतं. बंद केलेलं नाही. पण ते आपल्या कंपनीतल्या लोकांना दिसत नाही ना?

---

कोकणकडा | १० जून, सकाळी ८:४०

आपली कंपनी कुठली, हे लिंक्डइनला कसं कळतं? तुमच्या प्रोफाइलवर चालू नोकरी म्हणून जी जोडलेली आहे ती. म्हणजे लिंक्डइनच्या लेखी तुम्ही अजून जुन्या कंपनीत आहात, आणि ते तुम्हाला जुन्या कंपनीच्या भरतीवाल्यांपासून लपवतंय. नव्या कंपनीचे भरतीवाले त्याच्यासाठी परके. त्यांनी आज Selenium, Java असा शोध लावला, तर गेल्याच आठवड्यात रुजू झालेल्या मृणालबाई नोकरी शोधतायत असं त्यांच्या पडद्यावर येऊ शकतं.

हे काल्पनिक नाही. मी स्वतः माझ्याच कंपनीत दोन आठवड्यांपूर्वी आलेला मुलगा असा पाहिला आहे. मी जाऊन त्याच्या कानात सांगितलं. दुसऱ्या कुणी त्याच्या साहेबाला स्क्रीनशॉट पाठवला असता. आणि जुन्या कंपनीपासून लपवण्याचीसुद्धा लिंक्डइन हमी देत नाही, प्रयत्न करतो एवढंच म्हणतं.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी Open to Work काढा. मग "Immediate joiner" ची ओळ काढा. नवी नोकरी लिहा अथवा न लिहा, ही दोन कामं आज जेवायच्या सुट्टीत झालीच पाहिजेत. खाली About मध्येही शेवटी "नवीन संधीच्या शोधात" छापाचं वाक्य राहिलेलं असतं, ते लोक हमखास विसरतात.

आणि नोकरी डॉट कॉमवर खातं असेल तर तिथेही जा. तिथलं प्रकरण तर जास्त नाजूक. तुम्ही नुसतं अॅप उघडलंत तरी तुम्ही हल्ली सक्रिय आहात असं शोधणाऱ्याला दिसतं. नोटीस पीरियडच्या जागी "Serving Notice Period" राहिलं असेल तर फोन थांबणारच नाहीत, आणि ते फोन तुम्ही नव्या जागी शेजारच्यासमोर घ्याल. तिथे विशिष्ट कंपन्यांना प्रोफाइल न दाखवण्याची सोय आहे, त्यात नव्या कंपनीचं नाव घाला.

---

मृणाल_वारजे | १० जून, दुपारी १:२०

बापरे. केलं. About मध्ये खरंच होतं, "actively exploring". हात थरथरत होते हो.

---

शंतनू_७७ | १० जून, दुपारी १:४५

थोडं जास्तच घाबरवताय. नवीन कंपनीला माहीतच असतं की माणूस शोधत होता, म्हणून तर त्यांना मिळाला.

---

कोकणकडा | १० जून, दुपारी २:३०

समजूतदार साहेब हसून सोडून देतो, खरं आहे. सगळेच तसे असते तर मला लिहायची गरज नव्हती. हल्ली लोक एका ठिकाणी रुजू होऊन दुसऱ्या ऑफरची वाट बघतात, त्यामुळे पहिल्या महिन्यात आम्हा लोकांच्या मनात ती धाकधूक असतेच.

आता मूळ प्रश्न. "टाकणं" या शब्दात दोन गोष्टी एकत्र झाल्यात म्हणून गोंधळ होतो. एक, प्रोफाइलवर नोंद करणं. दुसरी, ती नोंद जगाला ओरडून सांगणं. अनुभवाची नोंद भरताना तिथेच "Notify network" असं एक बटण असतं. ते बंद असेल तर नोंद होते, पण तुमच्या ओळखीच्यांना सूचना जात नाही. जतन करण्याआधी ते कुठल्या बाजूला आहे हे डोळ्यांनी बघा. चालू राहिलं आणि नंतर लक्षात आलं, तर सूचना पसरायला दोनेक तास लागू शकतात म्हणतात, पण त्या भरवशावर राहू नका.

जतन केल्यावर लिंक्डइन स्वतःच एक तयार पोस्ट पुढे करतं, "I'm happy to share that I'm starting a new position" वाली. तीही टाकलीच पाहिजे असं नाही. बंद करून बाहेर पडा.

माझं मत : नोंद दोन-तीन आठवड्यांत शांतपणे करावी, जाहिरात हवी तर नंतर. सहा महिने थांबण्यात अर्थ नाही, कारण तोपर्यंत प्रोफाइल खोटं बोलत राहतं. जुन्या कंपनीच्या पानावर तुम्ही कर्मचारी म्हणून दिसत राहता, जुनी गिऱ्हाइकं तुम्हाला तिथल्या कामासाठी मेसेज करतात.

---

रेवती_म्युनिक | १० जून, संध्याकाळी ६:१०

मी नेमके सहा महिने थांबले होते, म्हणून लिहिते.

इथे प्रोबेत्साइट म्हणजे प्रोबेशन बहुधा सहा महिन्यांचं असतं आणि त्या काळात दोघांपैकी कुणीही दोन आठवड्यांच्या नोटिशीवर करार संपवू शकतो. माझ्या आसपासचे बरेच जण ते संपेपर्यंत झिंग ही इकडची लिंक्डइनसारखी साइट आणि लिंक्डइन दोन्हीकडे काही बदलत नाहीत. मीही नाही बदललं. पाचव्या महिन्यात एका परिषदेत आमच्याच पुरवठादाराचा माणूस भेटला, त्याने मला जुन्या कंपनीची समजून आमच्या नव्या कंपनीच्या किमतीबद्दल बोलायला सुरुवात केली! मी दोन वाक्यांनंतर थांबवलं, पण त्याचा चेहरा पडला. त्यानंतर घरी येऊन त्याच रात्री बदललं.

तरी आईच्या दृष्ट लागण्याला माझा पूर्ण पाठिंबा आहे. भारतात असताना माझ्या एका मैत्रिणीची नोकरी पंधराव्या दिवशी गेली होती.

---

अनिकेत_ठाणे | १० जून, रात्री ८:५५

ती मैत्रीण मीच समजा, फक्त माझं एकोणिसाव्या दिवशी झालं.

मुंबईतलं एक स्टार्टअप. पहिल्या दिवशी फोटो, केक, साडेचारशे लाइक. एकोणिसाव्या दिवशी सकाळी दहा वाजता सगळ्यांना कॉल, निधी आला नाही, चाळीसजण घरी. मला सांगा, ती नोंद ठेवू की काढू? ठेवली तर एक महिना दिसतो आणि प्रत्येक जण विचारतो. काढली तर साडेचारशे जणांना माहीत आहे की मी तिथे होतो. अजूनही लोक अभिनंदन करतात.

---

शंतनू_७७ | १० जून, रात्री ९:१०

काढून टाका, विषय संपला. एकोणीस दिवसांची नोकरी म्हणजे नोकरीच नाही.

---

कोकणकडा | १० जून, रात्री ९:४५

अनिकेत, एक विचारतो. पीएफ कापला होता का?

---

अनिकेत_ठाणे | १० जून, रात्री ९:५२

हो, त्या महिन्याच्या पगारातून कापला. पासबुकात दिसतो.

---

कोकणकडा | १० जून, रात्री १०:२०

मग ती नोकरी तुमच्या यूएएनवर नोंदलेली आहे. पुढची कंपनी पडताळणीत बहुतेक वेळा यूएएनचा इतिहास मागते, तिथे तिचं नाव येणार. लिंक्डइनवरून काढायला हरकत नाही, ते काही प्रतिज्ञापत्र नव्हे. पण कंपनी जो फॉर्म भरून सही घेते त्यात ती लिहायचीच. लपवली म्हणून ऑफर गेलेली मी पाहिली आहे, एकोणीस दिवस होती म्हणून गेलेली एकही नाही.

तिथे ईपीएफओच्या नोंदीत बाहेर पडल्याची तारीख भरली गेली का तेही बघा. बंद पडलेली स्टार्टअप ते करायला विसरतात. शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिने झाले की पोर्टलवर तुम्ही स्वतः भरू शकता.

---

अनिकेत_ठाणे | १० जून, रात्री १०:२६

भरली नव्हती. आत्ता पाहिलं. धन्यवाद राव.

---

मृणाल_वारजे | ११ जून, सकाळी ७:५०

पडताळणीवरून आठवलं. माझी अजून चालू आहे. काल त्या एजन्सीचा मेल आला, जुन्या कंपनीतल्या साहेबांचा नंबर मागितला. अशा वेळी प्रोफाइलला हात लावणं बरं का?

आणि तो मसुदा? कुणीच काही बोललं नाही, म्हणजे फारच वाईट आहे का?

---

कोकणकडा | ११ जून, सकाळी ९:०५

वाईट नाही, लवकर आहे. त्यावर बसून लिहितो, कारण लोक नेमके इथे फसतात.

आधी तारखा. नवी नोंद करताना जुनी नोकरी "आतापासून संपली" अशी टिचकी मारायची सोय दिसते. सोयीची वाटते, पण ती शेवटचा महिना म्हणून चालू महिना घालते. तुम्ही ३० मेला सुटलात. जूनमध्ये बसून टिचकी मारलीत तर जुनी नोकरी जून २०२५ पर्यंत आणि नवी जून २०२५ पासून. एका महिन्यात दोन नोकऱ्या. तुमच्या रिझ्युमेत आणि रिलीव्हिंग लेटरमध्ये मे. पडताळणी लेटरवर आणि यूएएनवर चालते हे खरं, पण एजन्सीचा मुलगा प्रोफाइलही उघडून बघतो, आणि हल्ली दुहेरी नोकरीचा संशय फार लवकर येतो. म्हणून टिचकी न मारता जुनी नोंद आधी उघडा, हाताने मे २०२५ लिहा, मग नवी नोंद जून २०२५ पासून करा.

पडताळणी चालू असताना नवी नोंद करायला हरकत नाही. पण जुन्या नोकऱ्यांची पदं आणि महिने "जरा नीट करून घेऊ" असं मनात आलं तर हात आवरा. तुम्ही दिलेल्या रिझ्युमेशी ते जुळलं पाहिजे. चूक दिसली तर एजन्सीला मेलवर सांगा, गुपचूप प्रोफाइलवर बदलू नका.

आता पद. ऑफर लेटरमधलं, अक्षरशः. Lead Engineer, Quality. पोर्टलवरचा II ही कंपनीची आतली पायरी आहे, बाहेरच्याला त्याचा अर्थ नाही, आणि ते लिहिलं की तुमचे सहकारी आपली पायरी तुमच्याशी ताडून बघतात. आणि साहेबांचं "मॅनेजरच समज" हे कौतुक आहे, नेमणूक नाही. तुम्ही मॅनेजर लिहिलंत तर पहिलं वाचणार कोण? तुमच्याच टीममधले बारा जण. त्यातल्या एकाला तरी ते पद हवं असेल.

बाराजणांवरून आणखी एक. ते तुम्हाला रिपोर्ट करतात का?

---

मृणाल_वारजे | ११ जून, सकाळी ९:३०

नाही. पाच जण करतात. बाकीचे सात दुसऱ्या लीडला, पण सकाळचा कॉल एकत्र असतो. 🙈

---

चिंगी | ११ जून, सकाळी ९:३३

म्हणजे सात जणांचा दुसरा लीड हे वाचून चहा पिताना खोकला असता.

---

कोकणकडा | ११ जून, सकाळी १०:१०

नेमकं. शिवाय "transforming quality culture" म्हणजे आधीची संस्कृती मोडकी होती असा अर्थ निघतो, आणि ती ज्यांनी घडवली ते शेजारच्या टेबलावर बसलेत. पहिल्या महिन्यात नोकरीच्या खालचा रकाना रिकामा ठेवला तर कुणी विचारत नाही. लिहायचंच असेल तर टीम काय करते ते लिहा, तुम्ही काय घडवलंत ते नाही. तीन महिन्यांनी काहीतरी हातून झालेलं असेल, तेव्हा भूतकाळात लिहा.

नावाखालची ओळ मी अशी ठेवेन. तुमचं काम पेमेंटमधलं आहे असं गृहीत धरतो, नसेल तर बदला :

```
Lead Engineer, Quality | Test automation for payment systems | Java, Selenium, API testing
```

२२० अक्षरांची मुभा असते, ती संपवायचीच असा नियम नाही. यात सगळं आजही खरं आहे, कारण ऑटोमेशन तुम्ही आठ वर्षं करताय.

जुन्या नोकरीतली वाक्यं भूतकाळात न्या, आणि त्यात गिऱ्हाइकाचं नाव असेल तर काढा. "एका युरोपीय बँकेसाठी" पुरे. सर्व्हिस कंपन्यांच्या करारात गिऱ्हाइकाचं नाव उघड न करण्याची अट बहुधा असते आणि ती तुम्ही सुटल्यावरही चालू राहते.

---

शंतनू_७७ | ११ जून, सकाळी १०:४०

गिऱ्हाइकाचं नाव काढलं तर आठ वर्षांत राहिलं काय? सगळे लिहितात. माझ्या प्रोफाइलवर तीन नावं आहेत, सहा वर्षांत कुणी विचारलं नाही. आणि पुन्हा सांगतो, कलम २७.

---

विदर्भ_मेडिकल | ११ जून, दुपारी १२:२०

शंतनूभाऊ, त्या कलमाच्या भरवशावर मी होतो.

मी आयटीवाला नाही. नागपुरात हॉस्पिटलला लागणारी यंत्रं विकतो. कंपनी बदलली, पहिल्याच दिवशी प्रोफाइल बदललं, ते आमच्या धंद्यात लागतंच, डॉक्टरला कळलं पाहिजे की आता कुणाला फोन करायचा. इथवर ठीक. पण मी वर एक पोस्ट टाकली, माझ्या सगळ्या जुन्या डॉक्टर मंडळींनी नव्या ठिकाणीही असाच लोभ ठेवावा, आता आणखी चांगल्या दरात. आठव्या दिवशी जुन्या कंपनीच्या वकिलाची नोटीस. नोकरी का बदलली म्हणून नव्हे, गिऱ्हाइकं का ओढतोस म्हणून.

पुढे काही झालं नाही, पोस्ट काढली, पत्र लिहून दिलं. पण नव्या साहेबाला पहिल्या पंधरवड्यात वकिलाची नोटीस दाखवायला जाणं, हे कुणावर येऊ नये. आमच्या वकिलाने सांगितलं ते एवढंच कळलं की नोकरी करण्यापासून अडवणं वेगळं आणि गिऱ्हाइकं, कागद, दर यांच्याबद्दलची अट वेगळी. दुसरीत किती दम असतो यावर त्याने स्वतःच तीनदा मत बदललं.

---

शंतनू_७७ | ११ जून, दुपारी १२:४५

हं. "चांगल्या दरात" हे जरा जास्त झालं तुमचं. पण मुद्दा घेतला. माझी तीन नावं तरी राहतील, मी कुणाला बोलावत नाहीये.

---

गावरान_कोडर | ११ जून, रात्री ८:१५

जाहिरातीबद्दल कुणी बोललं नाही म्हणून माझी फजिती सांगतो. गेल्या वर्षीची गोष्ट. सोमवारी रुजू, बुधवारी पोस्ट. फोटोत वेलकम किट : पिशवी, बाटली, वही आणि गळ्यात ओळखपत्र. शुक्रवारी दुपारी व्हॉट्सअॅपवर अनोळखी नंबरवरून मेसेज, डीपीला आमच्या एमडींचा फोटो. "नवीन आलायस ना, स्वागत. मी मीटिंगमध्ये आहे, बोलू शकत नाही. एका क्लायंटला गिफ्ट कार्ड द्यायचीत, पाच हजारांची पाच घे, कोड पाठव, अकाउंट्स परत करेल."

आता विचार करा. एमडींना मी कधी भेटलेलो नाही. त्यांचा नंबर माझ्याकडे नाही. अकाउंट्समध्ये कोण बसतं माहीत नाही. पाचव्या दिवशी एमडींना नाही कसं म्हणायचं? दोन घेतली, कोड पाठवले. तिसऱ्याच्या वेळी माझं कार्ड अडलं म्हणून शेजारच्याला विचारलं, तो हसायलाच लागला. त्यालाही आला होता, त्याच्या पहिल्या आठवड्यात. दहा हजार गेले. १९३० ला फोन केला, cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवली, पण कोड तोपर्यंत वापरले गेले होते.

हे लोक "starting a new position" शोधतच बसलेले असतात. नवा माणूस म्हणजे ज्याला कुणाचा आवाज ओळखू येत नाही तो.

---

मृणाल_वारजे | ११ जून, रात्री ८:४०

ओळखपत्राचा फोटो माझ्या फोनमध्ये तयार होता. एम्प्लॉयी नंबर आणि बारकोडसकट.

---

गावरान_कोडर | ११ जून, रात्री ८:४४

बाटलीचा टाका. बाटलीवरून कुणी फसवत नाही.

---

रेवती_म्युनिक | ११ जून, रात्री ९:३०

एक राहून जाऊ नये. लिंक्डइनला मुख्य ईमेल कुठला आहे बघा. माझ्या नवऱ्याचा जुन्या ऑफिसचा होता. सुटल्यावर तो मेलबॉक्स बंद, पासवर्ड विसरला, कोड त्याच मेलवर जातो. ओळख पटवून खातं परत मिळवायला कित्येक दिवस गेले. वैयक्तिक मेल मुख्य करा आणि नव्या ऑफिसचा मेल जोडायचा तर तो दुय्यम ठेवा.

---

मृणाल_वारजे | २९ जून, रात्री १०:१५

मंडळी, झालं एकदाचं. पावसाने लाइट गेली होती, मोबाइलवरूनच केलं.

आधी जुन्या नोकरीला हाताने मे २०२५ लिहिलं. मग नवी नोंद. कंपनीचं नाव लिहायला लागले तर यादीत त्याच नावाच्या तीन कंपन्या, एक अमेरिकेतली, एक "India" लावलेली, एक कुणाची तरी भलतीच. शेजारच्या टेबलावरच्या मुलीचं प्रोफाइल उघडून तिने कुठली जोडलीय ते पाहिलं आणि तीच घेतली. पद ऑफर लेटरमधलं. "Notify network" बंद आहे हे तीनदा पाहिलं. कोकणकडा, तुमची ओळ जशीच्या तशी उचलली, फक्त पेमेंटच्या जागी लॉजिस्टिक्स. खालचा रकाना रिकामा. जाहिरात नाही.

गंमत अशी की सूचना बंद असूनही पाऊण तासात जुन्या टीममधल्या एकीचा फोन, "पोचलीस होय खराडीत!" ती म्हणे सहज माझं प्रोफाइल बघायला गेली होती. सहज!

फुल अँड फायनल अजून आलेलं नाही. एचआर म्हणते, प्रक्रियेत आहे. त्याचा आणि प्रोफाइलचा काही संबंध आहे असं दिसत नाही, ते आधीही प्रक्रियेतच होतं.

---

कोकणकडा | २९ जून, रात्री १०:४०

तीन पानांची भानगड मी लिहायला विसरलो होतो, तुम्ही बरोबर सोडवलीत. चुकीच्या पानाला जोडलं असतं तर तुम्ही कंपनीच्या कर्मचाऱ्यांत दिसलाच नसता. फुल अँड फायनलसाठी एचआरला मेलवर तारीख मागा, फोनवर नको.

आणि नोकरी डॉट कॉमवरचं?

---

मृणाल_वारजे | २९ जून, रात्री १०:४८

बदललं, कंपनीही ब्लॉक केली. तरी काल पुन्हा फोन : "मॅम, इमीजिएट जॉइनर आहात ना?" एप्रिलमध्ये उतरवून घेतलेला माझा रिझ्युमे कुणाच्या तरी एक्सेलमध्ये बसलाय. त्याला काय करायचं?

---

चिंगी | २९ जून, रात्री १०:५१

त्याला काही नाही. मला २०१९ चे येतात अजून.

---

आजोबा_निवांत | ३० जून, सकाळी ६:२०

सगळा धागा आज नीट वाचला. मी बँकेतून २००८ साली निवृत्त झालो. नातवाने मला लिंक्डइनवर घेतलं तेव्हा बँकेची तारीख घालायची राहिली, त्यामुळे दर जूनला मला लोक नोकरीच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा देतात. यंदा सत्तावन्न वर्षं झाली म्हणून आल्या. ती तारीख कुठे घालायची ते कुणी सांगेल का, की राहू दे?